विखुरलेल्या वर्गमित्रांचे फोटो एका कार्डावर सारखे कसे दिसतील?

प्रश्न: आमची दहावीची बॅच, ३० जण. पुण्यात थोडेच उरलेत, म्हणून ऑनलाइन गेट-टुगेदर ठेवलंय. प्रत्येकाने वेगळ्याच तऱ्हेचा फोटो पाठवलाय. एक मित्र आता नाही, त्याचा चेहरा फक्त शाळेच्या ग्रुप फोटोत आहे. सगळे एका कार्डावर सारखे कसे दिसतील?

उत्तर: सुरुवात त्या ग्रुप फोटोपासून करा. बाकीचे फोटो हवे तेवढे लहान करता येतील, त्याचा मात्र ओढूनताणून मोठा होणार नाही. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, प्रिंटवर चमक येते. कोथरूड, सदाशिव पेठ, जिथे सोयीचं असेल तिथल्या झेरॉक्सवाल्याकडून ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. प्रिंटमध्ये १ सेंटिमीटरचा असलेला चेहरा स्कॅनमध्ये साधारण २३६ पिक्सेलचा होतो. आमच्या बॅचचं कार्ड मी याच मापावर बेतलं: प्रत्येकाला ३६० पिक्सेलचा चौकोन, ओळीत पाच, अशा सहा ओळी.

आता चेहरे जुळवायचे. डोक्याच्या वरच्या टोकाचं माप धरू नका. कुणाला टक्कल पडलंय, कुणाचे केस दाट आहेत, कुणी टोपी घातलीय. डोळे आणि हनुवटी धरा. गिम्प किंवा फोटोपी या फोटो एडिटरमध्ये चौकोनाच्या वरून १४५ पिक्सेलवर एक आडवी गाइड आणि २५५ वर दुसरी ओढा. डोळे पहिल्या रेषेवर, हनुवटी दुसरीवर येईल असा प्रत्येक फोटो लहान करा, मान तिरकी असेल तर थोडा फिरवा. डोळे एका रेषेत आले की पार्श्वभूमी वेगवेगळी असली तरी अख्खी ओळ एकसंध वाटते.

सेल्फींची एक खोड ध्यानात ठेवा. काही फोन त्या आरशातल्यासारख्या उलट्या सेव्ह करतात. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे फोटोत आपल्या डावीकडे दिसला, किंवा शर्टाचा खिसा तसाच डावीकडे गेला, की ओळखा आणि फोटो आडवा फ्लिप करा. शिवाय हातभर अंतरावरून नाक मोठं येतं. शक्य असेल त्यांना सांगा, खिडकीकडे तोंड करून उभे राहा, पाच-सहा फुटांवरून दुसऱ्या कुणाला मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रंगाचं म्हणाल तर सगळेच कृष्णधवल करा. जुन्या प्रिंटचा पिवळेपणा त्यात जातो आणि तुमचा तो मित्र वेगळा पडत नाही. त्याच्याभोवती हार किंवा काळी चौकट घालू नका, त्याला बाकीच्यांसारखीच जागा द्या. प्रकाश सारखा करताना सावळे चेहरे उजळवू नका, सगळ्यांच्या मागे एकच राखाडी रंग टाकलात तरी पुरे.

खाली नावं लिहिताना मुलींची माहेरची आडनावं घ्या. वर्गाने त्यांना त्याच नावाने हाका मारल्यात, सासरचं आडनाव वाचून निम्म्यांना पटकन ओळख पटत नाही. हवं तर ते खाली बारीक अक्षरांत द्या, पण आधी त्यांना विचारून.