काच ओली होते, पण पाणी जमत नाही

प्रश्न: उन्हाने मचूळ पाण्याची वाफ करून ते गोडं करण्यासाठी एक मीटर बाय एक मीटरची पेटी केली आहे. आत काळा रंग, वर तिरकी काच, खालच्या कडेला पन्हळ. १० सेंटीमीटर पाणी भरतो. काच आतून पूर्ण ओली दिसते, पण दिवसभरात अर्धा लिटरही मिळत नाही. काय चुकतंय?

उत्तर: सगळ्यात आधी पाणी कमी करा. १० सेंटीमीटर म्हणजे तुमच्या पेटीत १०० लिटर पाणी आहे. निरभ्र दिवशी एक चौरस मीटरवर साधारण २० मेगाज्यूल ऊन पडतं. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायलाच त्यातले साडेबारा मेगाज्यूल लागतात, म्हणजे दिवसाचं बरंचसं ऊन नुसतं पाणी कोमट करण्यात जातं. पाणी २ सेंटीमीटर ठेवलंत, तर तेवढ्याच तापण्याला अडीच मेगाज्यूल पुरतात आणि दुपारपर्यंत पाणी ६० अंशांच्या आसपास पोचतं. तापमान वाढलं की वाफ सरळ प्रमाणात वाढत नाही, फार झपाट्याने वाढते, म्हणून हा फरक मोठा पडतो. खोल पाण्यात साठलेली उष्णता रात्री थोडी कामी येते हे खरं, पण पेटीच्या तळाला थर्मोकोल किंवा भुश्शासारखं काही नसेल, तर तीही जमिनीत निघून जाते.

आता अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.३ मेगाज्यूल लागतात. हिशेबाने आठ लिटरच्या वर निघायला हवं, पण काचेवरून परतणारं ऊन आणि तळ-बाजूंतून गळणारी उष्णता वजा जाता साधी पेटी साधारण एकतृतीयांश काम करते. म्हणजे चांगल्या उन्हात अडीच-तीन लिटर. त्यापेक्षा फार जास्तीचं आश्वासन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

पाणी कमी करूनही पन्हळ कोरडीच राहिली, तर काचेकडे बघा. दुपारी एका जागी उभं राहून एखादा थेंब डोळ्यांनी धरा. तो घरंगळत पन्हळीपर्यंत जातो, की मध्येच फुगून खाली टपकतो? टपकत असेल तर तुमचं गोडं पाणी पुन्हा मचूळ पाण्यात पडतंय. उतार १५-२० अंशांपेक्षा कमी असला की असं होतं. एक मीटर लांबीला वरची कड ३० सेंटीमीटर उंच ठेवलीत की साधारण १७ अंश मिळतात. काचेला तेलकट हात लागलेला असेल तरीही थेंब सुटे राहतात. आतली बाजू साबणाने घासून नीट धुतली की थेंबांऐवजी पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो, तो सहज खाली सरकतो आणि ऊनही कमी अडवतो. प्लास्टिकच्या कागदावर नेमके थेंबच बनतात, म्हणून मी काचेच्याच बाजूने आहे.

वाफ गळतेय का, तेही तपासा. काच सगळीकडे ओली आणि एखाद्या कडेजवळ मात्र कायम कोरडा पट्टा दिसत असेल, तर फट तिथेच आहे. सिलिकॉनने बुजवा, त्याचा आंबूस वास पूर्ण जाऊ द्या आणि सुरुवातीच्या काही दिवसांचं पाणी पिऊ नका. पन्हळीलाही एका टोकाकडे उतार हवा, नाहीतर साठलेलं पाणी तिथेच तापून पुन्हा उडतं.

रोज जेवढं गोडं पाणी निघालं, त्याच्या दुप्पट मचूळ पाणी घाला आणि जास्तीचं वाहून जाऊ द्या. नुसती भर घालत राहिलात, तर क्षार तळाशी पांढरे जमतात आणि काळा तळ ऊन परतवू लागतो.

मिळालेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजत राहा. तो बहुतेक वेळा ५०च्या आत असतो. अचानक दोन-तीनशे दिसला तर मचूळ पाणी शिंतोडे उडून किंवा झिरपून पन्हळीत येतंय असं समजा. तुमच्या पाण्याचा टीडीएस २००० असेल, तर तीन लिटर गोड्यात एक लिटर मूळ पाणी मिसळून चार लिटर ५०० टीडीएसचं पाणी होतं, चवही येते. मात्र मूळ पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा जंतू नाहीत हे प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय हे करू नका. ही द्रव्यं पेटीत मागे राहतात, मिसळताना तुम्हीच ती परत आणाल. आणि पाण्याला पेट्रोल, रॉकेल किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल, तर ही पेटी उपयोगाची नाही. तसली द्रव्यं वाफेबरोबर उडून काचेवर येतात आणि टीडीएस मीटरवर त्यांचा पत्ताही लागत नाही.