अनारसे संपल्यावर प्रतीक्षायादी कशी जाहीर करावी

ताई, दिवाळीला दोन आठवडे असतानाच तुमचे अनारसे संपले, हे चांगलेच झाले. मात्र 'लवकरच उपलब्ध होतील' असा मोघम निरोप धाडू नका, कारण त्यावर गिऱ्हाईक दोन दिवस थांबते आणि मग दुसरीकडे मागणी नोंदवते.

आधी तारीख काढा. तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजणार, चौथ्या दिवशी सावलीत सुकवून कुटला जाणार आणि गुळात मळलेले पीठ चार-पाच दिवस मुरणार, म्हणजे तळणी नवव्या दिवशी. निरोपात मात्र दहावा दिवस सांगा. हे कारणही त्यात लिहा, कारण पीठ मुरते आहे हे कळले की 'झाले का' असे फोन कमी होतात.

यादीला मर्यादा ठेवा. पीठ चाळीस पाकिटांचे असेल, तर पस्तीसच नावे घ्या. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर तो घाणा वायाच जातो. पहिल्या वर्षी मी साठ जणांना होकार दिला आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अकरा जणांची माफी मागत बसले.

निरोप एवढाच पुरे: 'नवे पीठ मुरत आहे. पाकिटे शुक्रवारी संध्याकाळी मिळतील. पस्तीस नावे, नोंदीच्या क्रमाने. पैसे पाकीट घेताना.'