नंबर तपासताना 'नोंद नाही' याचा अर्थ

वीज कापण्याची धमकी देणारा मेसेज आला आणि त्यात दहा आकडी मोबाइल नंबर असला, तर त्यावर फोन करण्याआधी सरकारचं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींचं संकेतस्थळ cybercrime.gov.in उघडा. तिथे 'Report and Check Suspect' या भागात नंबर टाकून शोधता येतो. यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक मिळाला असेल तर तोही टाका, कारण चोर सिम पटकन बदलतात, पैसे घेण्याचं खातं मात्र पुष्कळदा काही दिवस तेच राहतं.

नवखे लोक फसतात ते पुढे. नोंद सापडली नाही म्हणजे नंबर स्वच्छ, असं मुळीच नाही. कदाचित तक्रार करणारे पहिले तुम्हीच असाल. ट्रूकॉलरवर दिसणारं 'वीज अधिकारी' हे नावही पुरावा नव्हे, ते कोणीही ठेवू शकतं. उलट बाजूही ध्यानात घ्या: बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, त्यामुळे जुनी तक्रार आजच्या निरपराध माणसाच्या माथी दिसू शकते. म्हणून ट्रूकॉलरसारख्या ठिकाणी त्या नंबराखाली लोकांनी लिहिलेल्या शेऱ्यांच्या तारखा आणि मजकूर वाचा. चार जणांनी अलीकडेच तीच वीजबिलाची गोष्ट लिहिली असेल, तर मला तेवढं पुरतं. बिलाची खात्री मात्र छापील बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने कंपनीच्या अधिकृत ॲपवरच करा.

पैसे गेले नसतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सुविधेत कळवा. गेले असतील तर शोधत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.