खर्च बजेटपेक्षा जास्त, तरी रिपोर्टमध्ये ‘अनुकूल’?

प्रश्न: बजेट आणि प्रत्यक्ष आकड्यांचा रिपोर्ट वरिष्ठांकडे जाण्याआधी मी तपासतो. साठेक ओळी असतात. उलटं पडलेलं चिन्ह किंवा चुकीचं अनुकूल-प्रतिकूल पटकन कसं पकडायचं?

उत्तर: मी वरून वाचत नाही, नफ्याच्या ओळीपासून सुरू करतो. समजा विक्री बजेट ५००, प्रत्यक्ष ४७०. कच्चा माल २०० च्या जागी २१५. पगार १२० च्या जागी ११०. म्हणजे नफा १८० ऐवजी १४५, ३५ ने कमी. आता तफावतीचा रकाना वेगळा बेरजून बघा: –३०, –१५, +१०. बेरीज –३५ आली, जुळलं.

कच्च्या मालाची ओळ नव्याने घालताना कोणी विक्रीचं सूत्र खाली ओढलं, तर तिथे +१५ येतं आणि शेजारी ‘अनुकूल’ उमटतं. बेरीज –५ होते, फरक ३०. एकच चिन्ह उलटलं असेल तर फरक त्या तफावतीच्या बरोब्बर दुप्पट असतो, म्हणून ३० चं अर्ध करून १५ ची ओळ शोधायची. दोन-तीन ओळी चुकल्या असतील तर ही युक्ती चालत नाही, आणि दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं तर बेरीज जुळूनही रिपोर्ट चुकीचा असतो.

म्हणून दुसरी फेरी. तफावतीचा आणि अनुकूल-प्रतिकूल शेऱ्याचा रकाना लपवा आणि प्रत्येक ओळीला एवढंच विचारा: यामुळे नफा वाढला की घटला? मग शेरा उघडून बघा. शेरे हाताने टाइप केलेले असतील तर मागच्या महिन्याचे तसेच राहिलेले हमखास सापडतात. जास्त वेळ द्या तो गटात राहून उलट वागणाऱ्या ओळींना. विक्री परत आणि दिलेली सूट बसतात उत्पन्नाच्या गटात, पण वाढल्या की नफा घटतो. भंगार विक्री खर्चातून वजा दाखवली असेल तर तिचं याच्या उलट. त्यामुळे गटावरून चिन्ह ठरवणारं सूत्र मला पटत नाही. मी प्रत्येक ओळीला A रकान्यात I किंवा E लावतो (नफा वाढवणारी I, घटवणारी E) आणि सगळे आकडे धन ठेवतो. C बजेट, D प्रत्यक्ष:

```
=IF(A2="I",D2-C2,C2-D2)
```

इतर उत्पन्नाचं बजेट ८ आणि तफावत –१७ दिसली, तर उत्पन्न बुडालं असं समजू नका. लेजरमधून जमा बाजू बऱ्याचदा ऋण येते. प्रत्यक्ष ९ हे –९ होऊन आलंय. तफावत दोन्ही आकड्यांपेक्षा मोठी दिसली की आधी हेच बघायचं.

टक्केवारीत एक जागा राहते. बजेटमध्येच २० तोटा धरला होता, प्रत्यक्षात १२ झाला. तफावत +८, अनुकूल. पण ८ ला –२० ने भागलं की –४०% येतं आणि ओळ लाल होते. भाजक `ABS` मध्ये घाला.