डील चॅनेलवरची सवलत खरी की फसवी?

टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर ऑफरचे चॅनेल चालवणाऱ्यांना दुकानाकडून कमिशन मिळतं म्हणे. मग ते दाखवतात त्या सवलतींवर विश्वास कसा ठेवायचा?

हो, मिळतं. मी कोल्हापुरात असंच एक चॅनेल चालवतो. ॲमेझॉनची लिंक उघडल्यावर पत्त्यात `tag=` दिसलं की समजायचं, खरेदीचा टक्का कुणाला तरी जाणार. तुमची किंमत त्याने वाढत नाही, ते पैसे दुकान देतं.

गोम आहे ती सवलतीच्या टक्क्यात. तो बहुतेक वेळा एमआरपीवर काढलेला असतो, आणि एमआरपी म्हणजे पाकिटावर छापलेली कमाल किंमत. त्या भावाने ती वस्तू कुणी विकतच नसेल, तर सवलत नुसती कागदावर.

समजा, एका मिक्सरची एमआरपी 7,999 आहे आणि आज तो 3,199 ला मिळतोय. साठ टक्के सूट! पण ॲमेझॉनवरचे जुने भाव दाखवणाऱ्या Keepa या साइटवर त्याचा किमतीचा आलेख काढला की दिसतं, गेले तीन महिने तो 3,250 च्या आसपासच होता. फक्त सेलच्या आठवडाभर आधी 4,500 वर नेला आणि मग खाली आणला. म्हणजे खरी बचत पन्नासेक रुपये. तोच मिक्सर राजारामपुरीतल्या दुकानात 3,300 ला मिळत असेल, तर मी तिथूनच घ्या म्हणेन. बिघडला तर दुकानदार समोर असतो.

अशी डील मी टाकत नाही. टाकली तर चार टक्के धरून सव्वाशेच्या आसपास मिळतील, हे खरं. पण वस्तू परत गेली की कमिशनही जातं, आणि फसलेला माणूस चॅनेल म्यूट करतो तो कायमचाच. कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं, त्यामुळे महाग वस्तू खपवायचा मोह चॅनेलवाल्याला होतोच. तुम्ही नजर ठेवायची ती इथंच.

चांगला चॅनेलवाला 'यातून मला कमिशन मिळतं' हे उघड लिहितो. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या 2021 च्या नियमावलीनुसारही पैसे घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून दिसायलाच हवी. किंमत ठरावीक बँकेच्या कार्डावर किंवा जुनी वस्तू देऊनच मिळत असेल, तर ते पहिल्याच ओळीत यायला हवं. मी तर कार्डाशिवायची किंमत आधी लिहितो. ऑफर संपली की जुना मेसेज एडिट करून 'संपली' लिहितो, म्हणजे रात्री उशिरा बघणाऱ्याला उगाच हेलपाटा पडत नाही.

एखादं चॅनेल पारखायचं असेल तर त्याच्या जुन्या पाच-सहा डील काढा आणि त्या तारखांच्या आधीचे भाव आलेखावर बघा. आणि लिंक दुकानाच्या खऱ्या पत्त्यावर न जाता भलत्याच साइटवर ओटीपी मागू लागली, तर तिथूनच परत फिरा.