फोटोवरून घड्याळाचं मशीन कसं ओळखायचं?

प्रश्न: भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. मागचा फोटो टाकलाय, काळा चौकोनी डबा आहे. ऑनलाइन तसंच मशीन कोणतं मागवू?

तुमच्या फोटोत दिसतोय तो डबा बहुतेक सगळ्या मशीनचा सारखाच असतो, साधारण ५६ मिमी चौरस. खरा फरक पुढच्या बाजूला, तबकडीतून बाहेर येणाऱ्या दांड्यात असतो आणि तो मागच्या फोटोत दिसतच नाही. काटे अलगद वर ओढून काढा, मधला नट सोडवा, मशीन बाहेर घ्या आणि दांडा पट्टीशेजारी ठेवून बाजूने फोटो काढा.

मोजायची ती आट्यांची उंची. जाहिरातीत बरेचदा पूर्ण दांड्याची लांबी लिहिलेली असते, तिथंच घोळ होतो. जालन्याच्या आमच्या घरच्या घड्याळाची तबकडी ६ मिमी प्लायची. मी फोटो जुळवून मशीन मागवलं, त्याचे आटे निघाले ५ मिमी; नट धरायला जागाच नाही! तबकडीच्या जाडीत वॉशर-नटासाठी ३-४ मिमी मिळवा, म्हणजे मला १० मिमी आटे हवे होते. फार लांबही घेऊ नका, काटे काचेला घासतात.

मिनिटकाट्याचं भोक गोल आहे की लांबट, तेही बघा. जुळत नसेल तर काट्यांसकट मशीन घ्या. गजराच्या घड्याळाला गजरकाट्याचा वेगळा दांडा लागतो, साधं मशीन चालत नाही.

आणि हो, आधी सेल बदलून, पत्र्यांवरचा हिरवा गंज खरवडून पाहिलात ना?