दोन टाक्यांचे लाप्लास रूपांतर: t = 0 ला जुळणारे x सुद्धा चुकू शकते

प्रश्न: एम-थ्रीच्या सरावात दोन जोडलेल्या टाक्यांचे गणित आहे. प्रत्येक टाकीत 20 लिटर पाणी आहे. पहिलीत मिनिटाला 3 लिटर गोडे पाणी येते, पहिलीतून दुसरीत 4 लिटर जाते, दुसरीतून पहिलीत 1 लिटर परत येते आणि 3 लिटर बाहेर पडते. सुरुवातीला मीठ 400 आणि 200 ग्रॅम. मला x = 200e^(-0.1t) + 200e^(-0.3t) आणि y = 400e^(-0.1t) − 400e^(-0.3t) मिळाले. x(0) बरोबर येतो, पण y(0) शून्य येतो. म्हणजे फक्त y चुकला आहे का?

उत्तर: नाही, दोन्ही चुकले आहेत; x ची चूक t = 0 ला दिसत नाही, एवढेच. आपली मूळ समीकरणे अशी होतात:

```
x' = -0.2x + 0.05y
y' =  0.2x - 0.2y
```

रूपांतर करताना x' चे sX − x(0) होते आणि y' चे sY − y(0). आपल्या उत्तरावरून दिसते की पहिल्या समीकरणात 400 घेतले गेले, पण दुसऱ्यात 200 लिहायचे राहून गेले. बहुतेक वेळा हे sY घाईने लिहिताना होते. बरोबर मांडणी अशी:

```
(s + 0.2)X - 0.05Y     = 400
 -0.2X + (s + 0.2)Y    = 200
```

येथून पुढे अवकल समीकरण उरतच नाही. s ही एखादी ठरावीक संख्या आहे असे समजून X आणि Y ही दोन अज्ञाते शाळेतल्या एकसामयिक समीकरणांप्रमाणे सोडवायची. निश्चयक (s + 0.2)² − 0.01, म्हणजेच (s + 0.1)(s + 0.3) आहे, आणि क्रेमरच्या नियमाने

```
X = (400s + 90)  / ((s + 0.1)(s + 0.3))
Y = (200s + 120) / ((s + 0.1)(s + 0.3))
```

X च्या अंशातील 90 कुठून आले ते पाहा: 400 × 0.2 चे 80, आणि 0.05 × 200 चे 10. हे 10 दुसऱ्या टाकीच्या आरंभीच्या मिठातून आले आहेत, म्हणून y(0) विसरल्यावर X सुद्धा बिघडतो. मात्र अंशातील s चा सहगुणक 400 च राहतो, आणि t = 0 ची किंमत फक्त त्या सहगुणकावरून ठरते; म्हणूनच x(0) च्या पडताळणीत आपली चूक निसटली. आंशिक अपूर्णांक केल्यावर खरे उत्तर मिळते:

```
x = 250e^(-0.1t) + 150e^(-0.3t)
y = 500e^(-0.1t) - 300e^(-0.3t)
```

आपल्या आणि या उत्तरांतील घातांक सारखेच आहेत, कारण ते छेदातून येतात आणि छेदात आरंभीच्या किमती शिरतच नाहीत. त्यामुळे घातांक जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये. निदान x'(0) तरी दोन्ही बाजूंनी काढावा: वरच्या उत्तरावरून तो −25 − 45 = −70 येतो, आणि समीकरणावरून −80 + 10 = −70. आपल्या x वरून मात्र −20 − 60 = −80 येतो, आणि तिथेच चूक उघडी पडते.

मला यापेक्षा अधिक आवडणारी पडताळणी व्यस्त रूपांतराच्या आधीच करता येते. टाक्यांतून मीठ बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग दुसऱ्या टाकीचा 3 लिटरचा नळ आहे, म्हणजे बाहेर जाण्याचा दर 0.15y. अनंत काळात बाहेर गेलेले एकूण मीठ 0.15 गुणिले y चे 0 ते ∞ संकलन, आणि रूपांतराच्या व्याख्येत s = 0 घातले की ते संकलन म्हणजे Y ची s = 0 येथील किंमतच. ती 120/0.03 = 4000 आहे, आणि 0.15 × 4000 = 600 ग्रॅम, म्हणजे नेमके 400 + 200. आपल्या Y चा अंश नुसता 80 येतो, त्यावरून 400 ग्रॅमच बाहेर पडतात. 200 ग्रॅम मीठ हिशेबातूनच नाहीसे झाले आहे, आणि तीच विसरलेली संख्या आहे.

दुसऱ्या टाकीतील मीठ आधी वाढते, हेही उत्तरात दिसायला हवे, कारण y'(0) = 80 − 40 = 40 धन आहे. y' = 0 ठेवल्यास e^(0.2t) = 1.8, म्हणजे t सुमारे 2.94 मिनिटे, आणि त्या वेळी y जवळपास 248 ग्रॅम असतो.

हे सारे बीजगणितावर निभावते ते दोन्ही टाक्यांत आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी मिनिटाला 4 लिटर असे समान असल्यामुळे. बाहेरचा नळ 2 लिटरचा केला, तर दुसऱ्या टाकीतील पाणी 20 + t लिटर होते आणि y/(20 + t) सारखे पद येते. ते छेदातून काढायला गुणाकार केला की t·y' येते, आणि त्याच्या रूपांतरात Y चा s सापेक्ष विकलज येतो. मग Y साठी पुन्हा अवकल समीकरणच सोडवावे लागते, आणि तसे गणित या पद्धतीने करण्यात काही फायदा नाही.